हात धुण्यावर बोलायचंय? मग वाचून दाखवू नका, धुऊन दाखवा

पावसाळा तोंडावर आला की आशाताई, अंगणवाडीसेविका, शाळेतले शिक्षक, कधी एखाद्या मंडळाची तरुण मुलं माझ्याकडे एकच मागणी घेऊन येतात. "डॉक्टर, हात धुण्यावर काहीतरी लिहून द्या. बैठकीत वाचून दाखवू." म्हणून या वेळी नेहमीसारखा माहितीपर लेख न लिहिता, मी गावात जाऊन जे बोलतो आणि करतो तेच इथे उतरवून देतो आहे. कोणती गोष्ट तशीच का करायची, त्याचं कारणही सोबत देतो. तुमच्या वस्तीवर, बचत गटात, सोसायटीत काम करणाऱ्या मावश्यांच्या बैठकीत तुम्हीही हे वापरू शकता. त्यासाठी डॉक्टर असायला लागत नाही.

फक्त एक विनंती आहे. हे वाचून दाखवू नका. आधी दोनदा वाचा, कागद घरी ठेवा आणि मोकळ्या हातानं जा.

कारण समोर कोण बसलेलं असतं ते बघा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजी असतात, चौथीपर्यंत शिकलेल्या काकू असतात, पदवीधर सून असते आणि तिच्या मांडीवर पेंगणारं मूल असतं. भिंतीवर अक्षरांनी भरलेलं पोस्टर लावलं की निम्म्या बायका ते वाचतात आणि निम्म्या खाली बघतात. खाली बघणाऱ्यांना त्याच क्षणी वाटतं की हा कार्यक्रम शिकलेल्यांचा आहे. आणि घरात भाकरी थापणाऱ्या, लेकराला भरवणाऱ्या बहुतेक वेळा त्याच असतात.

माहिती कमी पडत नाही

तुम्ही कोणालाही विचारा, हात धुवायला हवेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. "जंतू असतात" हेही ठाऊक असतं. करोनाच्या काळात तर फोन लावला तरी तेच ऐकू यायचं. तरीही संडासहून आल्यावर साबण हातात घेतला जातोच असं नाही. म्हणजे अडचण माहितीची नाही.

आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत यावर एक चांगला अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सात गावांत मोहीम राबवली आणि सात गावं तुलनेसाठी ठेवली. विशेष म्हणजे मोहिमेत रोगांवर आणि जंतूंवर व्याख्यान दिलं नाही. घाणीची किळस आणि मुलाला चांगलं वळण लावणाऱ्या आईचा अभिमान, या दोन भावनांवर सगळा भर होता. घाणेरड्या हातांनी लाडू वळणारं एक विनोदी पात्र होतं, लोक हसायचे आणि शिसारीही यायची. सुरुवातीला सगळ्या गावांत हात धुण्याच्या महत्त्वाच्या शंभर वेळांपैकी जेमतेम एक-दोन वेळा साबण वापरला जात होता. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत हा आकडा ३७ झाला, बाकीच्या गावांत ६. हे लोकांना विचारून ठरवलेलं नव्हतं. माणसं घरात बसून प्रत्यक्ष बघत होती.

३७ म्हणजे उरलेल्या ६३ वेळा साबण वापरला गेला नाही, हेही लक्षात ठेवा. एका बैठकीनं गाव बदलत नाही. पण कोणत्या दिशेनं बोलायचं, ते यावरून कळतं. मी माझ्या बोलण्यात "जंतू" हा शब्द शक्यतो उशिरा आणतो. आधी कढई आणतो.

तयारी

दोन रिकाम्या पराती किंवा घमेली, एक बादली पाणी, दोन तांबे, एक साधा साबण, थोडं खोबरेल तेल, दोन चमचे बारीक दालचिनीची पूड आणि दोन पांढरे रुमाल. एवढंच सामान लागतं. तीस-चाळीस बायका असल्या तर बरं, त्याहून जास्त असल्या की मागच्यांना दिसत नाही. सगळ्यांना गोल बसवा. वेळ वीस मिनिटं. कार्यक्रमानंतर हातानं खायचं काहीतरी ठेवा, चुरमुऱ्याचा चिवडा चालतो. त्याचं कारण शेवटी कळेल.

दालचिनीच का? पुष्कळ ठिकाणी या प्रयोगाला हळद वापरतात, कारण ती घरात असते. पण हळदीचा रंग कातडीत बसतो. साबणानं धुतल्यावरही हात पिवळाच राहतो आणि "बघा, साबणानंसुद्धा निघत नाही" असा उलटा धडा मिळतो. शिवाय हळदीला साबण लागला की ती लाल होते. कपड्यावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तो हाच प्रकार. मग सगळ्या बायका त्या लाल हाताकडेच बघत बसतात आणि मूळ मुद्दा राहून जातो. दालचिनीची पूड तेलात कालवली की हाताला चिकटते, डोळ्यांना दिसते, वास देते आणि साबणानं निघते. आपल्याला तेच हवं आहे. कोणाच्या हाताला जखम किंवा खरूज असेल तर मात्र त्यांना प्रयोगाला बोलवू नका.

आता बोलायला सुरुवात

"राम राम मंडळी. आज मी गोळ्या-औषधं सांगणार नाही. एकच विचारतो. काल घरात भजी तळली. ती कढई नुसत्या पाण्यानं निघेल का?"

"नाही," असं एकमुखानं येतं.

"का हो, पाणी तर स्वच्छ आहे?"

"तेलकटपणा राहतो ना." हे बोलणाऱ्या बहुधा आजीच असतात. त्यांचं नाव विचारा आणि पुढच्या वीस मिनिटांत ते दोन-तीनदा घ्या. आता त्या या कार्यक्रमाच्या पाहुण्या नाहीत, यजमान झाल्या.

"आजींनी बरोबर सांगितलं. आता हे बघा, आपल्या हातालाही थोडा तेलकटपणा असतोच. डोक्याला हात लावतो, चेहऱ्याला लावतो, कातडीचं स्वतःचं तेल असतं. जी घाण हाताला लागते ती या तेलकटपणात रुतून बसते. वरून पाणी ओतलं तर पाणी कढईवरून घसरतं तसं हातावरून घसरून जातं. साबण काय करतो? एका हातानं तेलाला धरतो, दुसऱ्या हातानं पाण्याला धरतो आणि दोघांना मिळून मोरीत नेतो."

साबणाचं काम याहून सोपं मला सांगता आलेलं नाही, आणि ते शास्त्रालाही धरून आहे. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला चिकटतं आणि दुसरं पाण्याला. "साबण जंतू मारतो" असं मात्र सांगू नका. काही विषाणू साबणानं फुटतात हे खरं, पण जुलाबाचे आणि काविळीचे पुष्कळ जंतू साबणानं मरत नाहीत, ते सुटून वाहून जातात. म्हणून तर चोळायला हवं आणि वाहतं पाणी हवं. साबण मारून टाकतो असं मनात बसलं, की माणूस फेस नुसता लावतो आणि लगेच धुऊन मोकळा होतो.

आता प्रयोग. दोघींना पुढे बोलवा. शक्यतो एका घरातल्या सासू-सुना नकोत, नाहीतर हरणाऱ्या बाजूचं बोलणं घरापर्यंत जातं. दोघींच्या तळहातावर अर्धा-अर्धा चमचा तेल आणि चिमूट-दोन चिमूट दालचिनी टाका. नेहमी क्रीम लावतात तसं दोन्ही हातांना लावायला सांगा. पहिल्या ताईंनी परातीवर हात धरून नुसत्या पाण्यानं धुवायचे. दुसऱ्या ताईंनी साबण लावून, सगळ्यांनी मिळून वीस मोजेपर्यंत चोळून धुवायचे. दोघींना एक-एक तांब्याच पाणी. मग दोघींनी हात पांढऱ्या रुमालाला पुसायचे आणि रुमाल सगळीकडे फिरवायचा.

इथे तुम्ही काही बोलू नका. पहिला रुमाल तपकिरी असतो आणि त्याला वासही येतो. तो हातात आला की बाया आपोआप बोलायला लागतात. सगळ्यांचा बघून झाला की हळूच एवढंच विचारा:

"ही तर दालचिनी होती. सकाळी संडासहून आल्यावर नुसत्या पाण्यानं हात धुतले, तेव्हा हाताला दालचिनी होती का?"

लगेच कोणी हसतं, कोणी "शी!" म्हणून पदर तोंडाला लावतं. ती "शी" हेच तुमच्या बोलण्याचं खरं फळ आहे. तिच्यावर पुढे भाष्य करू नका.

डावा हात, उजवा हात

यानंतर एक शंका हमखास येते. कोणी ती मोठ्यानं विचारत नाही, म्हणून तुम्हीच काढा. आपण डाव्या हातानं धुतो आणि उजव्या हातानं जेवतो. मग उजवा हात चोखच की!

यावर मी तांब्या हातात घेतो आणि करून दाखवतो. "उजव्या हातात तांब्या, डाव्यानं धुतलं. ठीक. आता बाहेर येऊन डावा हात कशानं धुतला?" थोडा वेळ शांतता असते. मग कोणीतरी म्हणतं, "उजव्यानंच की." एक हात कधी एकटा धुतला जात नाही, एक दुसऱ्याला चोळतो. शिवाय पीठ मळायला दोन्ही हात लागतात, लेकराला मांडीवर घ्यायला दोन्ही हात लागतात. आणि ज्या तांब्याला मळका हात लागला, त्याच तांब्याला हात धुतल्यावर पुन्हा हात लावला तर घाण परत आली. म्हणून शक्य असेल तेव्हा दुसऱ्यानं पाणी घालावं. एकटं असाल तर साबणाच्या हातांनी तांब्याचा कानाही चोळून घ्या आणि तो हातांबरोबरच धुऊन टाका. घाईत नुसतं बादलीत किंवा टोपलीभर पाण्यात हात बुडवणं हे धुणं नव्हे. लग्नकार्यात एकाच घमेल्यात दहा जण हात बुडवतात, तेव्हा दहाव्याच्या वाट्याला नऊ जणांचं येतं.

सहा जागा आणि विसरलेला अंगठा

घड्याळ बघून वीस सेकंद मोजा, असं मी सांगत नाही. त्याऐवजी हाताच्या सहा जागा आहेत आणि प्रत्येक जागी चार मोजायचे. सगळ्यांनी कोरड्या हातांनीच माझ्याबरोबर करायचं.

"तळहातावर तळहात, एक दोन तीन चार. हाताची पाठ, एक दोन तीन चार, दुसरी पाठही. बोटांच्या बेचक्या. आता अंगठा मुठीत धरून फिरवायचा, रवी घुसळतो तसा. मग नखं, दुसऱ्या तळहातावर खरवडायची. शेवटी मनगट, बांगड्या वर सारून."

हे दोनदा करून घ्या. तिसऱ्या वेळी तुम्ही गप्प राहा आणि एखाद्या सहावीतल्या मुलीला पुढे उभं करून तिच्याकडून करवून घ्या. सहा चोक चोवीस म्हणजे वीस सेकंदांहून थोडं जास्त होतं, ते चांगलंच आहे.

हात धुताना सगळ्यात जास्त सुटतात त्या जागा म्हणजे अंगठा आणि बोटांची टोकं. दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या पाहण्यांतही हेच दिसलं आहे, म्हणजे ही चूक अडाण्यांची नाही. आणि घास करताना नेमके पुढे कोण असतात? अंगठा आणि बोटांची टोकंच. एक काळजी घ्या. समोर अंगठा उठवणाऱ्या बाया बसलेल्या असतात. अंगठ्यावरून शिक्षणाचा विनोद करायचा मोह झाला तरी करू नका. एका हशासाठी चार जणी कायमच्या दुरावतात.

हात पुसायचं काय? पदराला, लुगड्याला, खांद्यावरच्या टॉवेलला पुसू नका. सकाळपासून त्यानं नाक, कपाळ, भांडं सगळं पुसलेलं असतं. हात झटका आणि वाऱ्यावर वाळू द्या.

कधी धुवायचे, ते बोटांवर मोजा

दिवसातून दहा-बारा वेळा हात धुवा असं सांगितलं की कोणीच धुवत नाही. मी पाच वेळा सांगतो आणि एकेक बोट धरून सांगतो. कागद हरवतो, हात बरोबरच असतो.

करंगळी: संडासहून आल्यावर. तिच्या शेजारचं बोट: बाळाची शी काढल्यावर. मधलं बोट: शेण-गोठ्याचं काम झाल्यावर. त्याच्या पुढचं बोट: स्वयंपाकाला लागण्याआधी. अंगठा: खाण्याआधी आणि लेकराला भरवण्याआधी. तीन बोटं घाणीनंतरची, दोन बोटं तोंडाआधीची.

यातलं दुसरं बोट धरलं की आज्या अडवतात. "लेकराची शी कसली घाण? ते तर दूधच पितंय." हा समज प्रेमापोटी असतो, म्हणून त्याला हसू नका. पण खरं उलट आहे. लहान मुलांना जुलाब जास्त वेळा होतात, त्यामुळे त्यांच्या शीमध्ये रोगाचे जंतू मोठ्यांच्या मानानं जास्तच असू शकतात. बाळ ठणठणीत दिसत असलं तरीही.

इथे मी नाव न घेता एक घर सांगतो. चौदा महिन्यांचा मुलगा, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जुलाब. पाणी उकळलेलं, वर गाळलेलं. बाटली नाही, बाहेरचं खाणं नाही. आई रडकुंडीला आलेली आणि आजी अपराध्यासारखी गप्प. अशा वेळी "हात धुता का?" असं विचारलं तर उत्तर "हो"च येतं. म्हणून मी विचारलं, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, सांगा." आजींनी सांगितलं. बाळानं शी केली, ती त्यांनी काढली, त्याला धुतलं, स्वतःचे हात पाण्यानं धुतले. मग भाकरी केली. मग दुधात भाकरी कुस्करून बाळाला भरवली. त्यानं निम्मी खाल्ली. उरलेली झाकून ठेवली आणि दुपारी परत भरवली.

आता घाण कुठून गेली ते बघा. भाकरीच्या पिठात हात गेला तरी बिघडलं नव्हतं, कारण भाकरी तव्यावर आणि विस्तवावर चांगली भाजून निघते. एवढ्या उष्णतेत ते जंतू टिकत नाहीत. खरी गोम पुढे होती. भाजलेली, शुद्ध झालेली भाकरी पुन्हा त्याच बोटांनी कोमट दुधात कुस्करली गेली. आता तिला विस्तव लागणार नव्हता. आणि कोमट दूध-भाकरी ही जंतूंनाही बाळाइतकीच आवडते. काही जंतू अनुकूल उबेत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. सकाळचा काला दुपारपर्यंत ठेवला, तेव्हा सकाळी जे थोडे होते ते पुष्कळ झाले.

आजींना मी दोनच गोष्टी सांगितल्या. शी काढल्यावर आणि काला कुस्करण्याआधी साबणानं हात धुवायचे. उरलेला काला मोठ्यांनी खाऊन टाकायचा, दुपारी नवा करायचा. पुढच्या तीन महिन्यांत ते मूल लसीला आलं, सर्दीला आलं, जुलाबासाठी आलं नाही. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास याच बाजूचा आहे. तिथे घरोघरी साबण दिला आणि दर आठवड्याला जाऊन हात धुण्याची सवय लावली, तेव्हा पंधरा वर्षांखालच्या मुलांतले जुलाब जवळपास निम्म्यानं कमी झाले. पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनियाही निम्म्यानं घटला. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर जुलाबातली घट साधारण तीस टक्के दिसते. मी गावात एवढंच सांगतो: दहा वेळा होणार असतील तर तीन वेळा टळतात.

हे घर सांगताना एक वाक्य जरूर जोडा: "त्या आजींनीच त्या लेकराला वाढवलं, आणि सवय बदलून दाखवली तीही त्यांनीच." नाहीतर समोरच्या सगळ्या आज्या अंग चोरून बसतात.

साबण कुठे आहे?

याच कराचीच्या अभ्यासात साध्या साबणाची आणि जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणाची तुलना केली होती. दोघांत फरक पडला नाही. म्हणून महागाची वडी घेऊ नका. गरम पाणीही लागत नाही. खरा प्रश्न साबण कोणता हा नसून तो कुठे आहे हा असतो.

बऱ्याच घरांत आता संडास झाला आहे, पण तो अंगणाच्या टोकाला. पाणी दारातल्या टाकीत, आणि साबण आतल्या मोरीत, अंघोळीचा म्हणून जपून ठेवलेला. संडासापासून साबणापर्यंत पंधरा-वीस पावलं आणि वाटेत दाराची कडी. एवढ्या अंतरात सवय मरते. बाहेर ठेवला तर कावळा नाहीतर उंदीर पळवतो, ही तक्रारही खरी आहे. त्यावर सोपा उपाय आहे. जुना पातळ मोजा किंवा कांद्याची जाळीची पिशवी घ्या, त्यात साबणाचे उरलेले तुकडे भरा, तोंड बांधा आणि पाण्याच्या जागेजवळ खिळ्याला टांगा. ओल्या हातानं पिशवीच चोळायची. साबण झिजतोही कमी.

तेही परवडत नसेल तर बांगलादेशात वापरलेली एक रीत आहे. दीड लिटरच्या बाटलीत पाणी भरायचं, त्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घालून हलवायचं आणि झाकणाला भोक पाडायचं. थोडं पाणी हातावर घेऊन चोळायचं आणि साध्या पाण्यानं धुवायचं. हाताला खाज किंवा भेगा असतील तर मात्र हे वापरू नये. बाटलीवर चित्र काढा किंवा लाल दोरा बांधा, म्हणजे मुलं ते पिणार नाहीत. लिहिलेली चिठ्ठी पुरेशी नाही.

राख चालेल का, हा प्रश्न येतोच. साबण नसेल तेव्हा चुलीची थंड, चाळलेली राख नुसत्या पाण्यापेक्षा बरी, पण साबणाच्या तोडीची नाही. माती मात्र नको. तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. सॅनिटायझर प्रवासात ठीक आहे, पण हात मळलेले किंवा तेलकट असतील तर त्याचा उपयोग नाही. आणि तो पेट घेतो, म्हणून चुलीजवळ नकोच.

उपयोग झाला का, ते कसं कळणार?

कार्यक्रमाच्या शेवटी "कोण कोण हात धुणार?" असं विचारून हात वर करायला लावू नका. सगळे वर येतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. महिन्याभरानं आशाताईंनी घरी जाताना तीन गोष्टी न विचारता बघाव्यात. संडासाजवळ किंवा मोरीत हात धुण्याच्या जागी साबण आहे का? तो ओला आहे की भेगा पडून वाळलेला? आणि मागच्या खेपेपेक्षा लहान झाला आहे का? वाळलेला, न झिजलेला साबण म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेला साबण. अशा घरी पुन्हा भाषण करू नये. साबण पाण्याजवळ टांगायला मदत करावी.

आणि हात धुण्यानं काय होत नाही, तेही प्रामाणिकपणे सांगा. गावाच्या पिण्याच्या पाण्यातच सांडपाणी मिसळत असेल, तर हात कितीही धुतले तरी साथ येईल. तेव्हा ग्रामपंचायतीकडे जायला हवं. रोटाव्हायरसची लस बाळाला वेळेवर द्यायलाच हवी. आणि एवढं करूनही जुलाब लागले तर लगेच ओआरएस सुरू करा, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि झिंकची गोळी आशाताईंकडून घेऊन त्या सांगतील तशी १४ दिवस पूर्ण द्या. मूल पाणी पिईनासं झालं, डोळे खोल गेले, सुस्त पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर घरी थांबू नका. थेट दवाखाना गाठा.

आता चिवडा. परातीत ठेवा, पण लगेच वाढू नका. "मंडळी, खायची वेळ झाली. कोणतं बोट?" सगळे अंगठा दाखवतात. मग दोन-दोघींच्या जोड्या करा. एकीनं पाणी घालायचं, दुसरीनं सहा जागा चोळायच्या, मग आळीपाळी. आज ऐकलेलं आजच एकदा हातानं करून झालं, की ते घरी करायला कमी जड जातं. या वेळी तुम्हीही रांगेत उभे राहा आणि तुमच्या हातावर त्या आजींना पाणी घालू द्या. त्या तुमचा अंगठा धुतला गेला का, ते नक्की बघतील.